आजीच्या अंथरुणातून आईबाबांच्या खोलीत

आज आपण आजीपाशी झोपणाऱ्या लेकराबद्दल बोलणार आहोत. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या एकत्र कुटुंबांत हे नेहमीचेच आहे. दुसरे बाळंतपण झाले की आईच्या कुशीत तान्हे येते आणि थोरले आजीच्या अंथरुणात जाते. ही सोय सगळ्यांनाच बरी पडते. अडचण येते ती लेकराला परत न्यायची वेळ आली की. कधी आजीचे ऑपरेशन ठरते, कधी तिला लेकीकडे जाऊन राहायचे असते, कधी आईबाबांना कामासाठी दुसऱ्या गावी बिऱ्हाड करावे लागते.

अशा वेळी बहुतेक घरी एक सोपी युक्ती केली जाते. लेकरू आजीपाशी झोपले की त्याला उचलून आईच्या खोलीत ठेवायचे. ही युक्ती फसते, आणि ती का फसते हे कळले की पुढचे सगळे सोपे जाते. लहान मूल रात्रभर सलग झोपत नाही. थोड्या थोड्या वेळाने त्याची झोप पातळ होते, ते चाचपडते आणि सगळे ठीक वाटले की पुन्हा झोपते. डोळा लागताना जे जवळ होते, तेच ते चाचपडत असते. आजीचा पदर धरून झोपलेल्या लेकराच्या हाती रात्री दीड वाजता दुसरेच पांघरूण आले, तर ते घाबरून पूर्ण जागे होते. शिवाय दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते झोपायलाच तयार होत नाही, कारण झोपलो की आपल्याला कुठेतरी नेतात हे त्याला समजलेले असते.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत सांगतो की लेकराला जागेपणीच न्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. माणूस, जागा आणि झोपायची पद्धत या तिन्ही गोष्टी एका रात्रीत बदलू नका.

रिसोड तालुक्यातल्या एका घरचे पाहू. मुलगी अडीच वर्षांची, धाकटा भाऊ दहा महिन्यांचा. आजीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. त्यानंतर काही आठवडे डोळ्याला धक्का लागू द्यायचा नसतो, आणि ही पोर तर झोपेत हातपाय झाडणारी. हाताशी पाच आठवडे होते. दिवस थंडीचे होते, तेही बरेच झाले. उन्हाळ्यात घरचे सगळे गच्चीवर नाहीतर अंगणात झोपतात, तेव्हा कोणाची जागा कोणती हेच लेकराला कळत नाही.

आधी त्या घरी आजीलाच विचारले की पोर झोपते कशी. आजी म्हणाली, "पाय पुसतो, डोक्याले तेल लावतो, चिमणीची गोष्ट सांगतो. मंग ते माह्या पदराचं टोक चुरगाळते अन् मी पाठ थोपटतो." आईला यातले पदराचे ठाऊकच नव्हते.

पहिल्या आठवड्यात जागा आजीचीच ठेवली, फक्त हात बदलले. आई आजीच्या अंथरुणावर येऊन बसायची. पाय पुसणे आणि तेल लावणे तिने घेतले, दोनतीन दिवसांनी गोष्ट आणि थोपटणेही घेतले. आजी शेजारी पडून असायची. तेवढा अर्धा तास धाकट्याला जाऊबाई सांभाळायच्या. रोजची वेळही एकच ठेवली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांच्या पुढे १० ते १३. दुपारी चारनंतर पोर झोपली, तर रात्री नऊला तिला झोपवणे म्हणजे नुसते भांडण होते. त्यामुळे दुपारची झोप लवकर उरकली जायची.

दुसऱ्या आठवड्यात जागा बदलली. तेच तेल, तीच गोष्ट, तोच आईचा हात, पण आता आईबाबांच्या खोलीत. आजी तिथे येऊन शेजारी पडायची आणि डोळा लागला की उठून जायची. ती जाणार आहे हे पोरीला आधीच सांगितलेले असायचे. आजीच्या जुन्या लुगड्याचा रुमालाएवढा तुकडा शिवून घेतला. आजीने तो दोन रात्री आपल्या उशाशी ठेवला, म्हणजे तिचा वास त्याला लागला. पदराऐवजी पोर तो चुरगाळू लागली. कापड एवढेच लहान असावे, गळ्याभोवती गुंडाळले जाईल इतके मोठे नको. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मात्र असे कापड किंवा जड गोधडी ठेवू नये. झोपताना थोरले आणि तान्हे एकमेकांना लागूनही नकोत, मध्ये मोठे माणूस हवे.

तिसऱ्या आठवड्यात आजी थोडी थोडी दूर झाली. आधी खोलीत खुर्चीवर, मग दारात, शेवटी नुसता पापा घेऊन आपल्या खोलीत.

खरी परीक्षा रात्रीची होती. पोर उठून थेट आजीच्या दाराशी जायची. तेव्हा काय करायचे हे दिवसाच ठरले होते. आजीने फक्त म्हणायचे, "आईपाशी जाय बाई, सकाळी माह्याकडे ये." आईने किंवा बाबांनी तिला हात धरून परत आणायचे. दिवा लावायचा नाही, बिस्किट द्यायचे नाही, जास्त बोलायचे नाही, पाठ थोपटायची. रडली तरी जवळ बसून राहायचे. एकटी रडू द्यायची नाही, पण अंथरूणही बदलायचे नाही. अर्धा तास रडल्यावर आजीने कुशीत घेतले, तर लेकरू एवढेच शिकते की अर्धा तास रडावे लागते. मग पुढच्या रात्री ते तेवढे रडतेच.

चौथ्या आठवड्यात पोरीला ताप आला आणि घडी विस्कटली. तेव्हा तिला परत आजीच्या खोलीत नेले नाही, आजीच त्यांच्या खोलीत येऊन तिच्याजवळ बसली. ताप उतरल्यावर आजी पुन्हा खुर्चीवर, मग दारात.

नीट चालले आहे हे ओळखायचे कसे? रडणे रात्रीगणिक कमी होते आणि दिवसा लेकरू नेहमीसारखे खाते, खेळते. दोन आठवड्यांनंतरही रडणे वाढतच असेल, किंवा दिवसभर ते चिकटून राहत असेल आणि जेवत नसेल, तर एक पायरी मागे या. रोज मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, रात्री शौचाची जागा खाजवणे, कान धरून रडणे, हे मात्र सवयीचे दुखणे नाही. त्यासाठी आरोग्य केंद्रात दाखवा.

आणखी एक गोष्ट घरात बोलून घ्यावी लागते. रात्री कुशीतले लेकरू गेले की आजीलाही झोप लागत नाही. "पोर तोडली माह्यापासून," असे तिला वाटले, तर मध्यरात्री तीच दार उघडते. म्हणून त्या घरी सकाळचा वेळ आजीचा ठरवला. उठल्याबरोबर पोर आजीकडे, दोघी अंगणात उन्हात बसणार, वेणी आजीच घालणार. ऑपरेशनच्या आधी डोळ्यावर लावायची झाकणी पोरीला दाखवली, हात लावू दिला. आजी दवाखान्यातून आली तेव्हा पोर आपल्या खोलीत झोपायला रुळली होती. झाकणीला ती घाबरली नाही, आणि "आजीचा डोळा बाऊ" म्हणत रात्री स्वतःच आईचा हात धरून खोलीत जायची.

तुमच्या घरी असे काही ठरले असेल, तर तारखेच्या चारपाच आठवडे आधी आजीजवळ बसा आणि लेकरू झोपते कसे, एवढे आधी विचारून घ्या.