पापणीवरचा पिवळा डाग

आरशासमोर काजळ घालताना एखादीच्या लक्षात येतं, की वरच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर काहीतरी उमटलंय. हळद लागली असेल म्हणून ती पुसते, पण ते जात नाही. बोट फिरवलं तर मऊ, किंचित उंच, लोण्याचा पातळ थर त्वचेखाली पसरावा तसं लागतं. दुखत नाही, खाजत नाही. रांजणवाडी असती तर लाल झाली असती, ठणकली असती आणि आठवड्याभरात गेलीही असती. हा डाग मात्र महिनोन्‌महिने राहतो, हळूहळू पसरतो आणि पुष्कळदा दुसऱ्या डोळ्यावरही त्याचा जोडीदार उगवतो.

डॉक्टर याला झँथेलाझ्मा म्हणतात. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा. तो पिवळेपणा कोलेस्टेरॉलचा असतो. रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण बारीक रक्तवाहिन्यांमधून थोडे थोडे बाहेर झिरपतात आणि त्वचेतल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात. गिळून गिळून त्या फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आत फेसाचे बुडबुडे भरल्यासारखे दिसतात, म्हणून त्यांना फेनपेशी म्हणतात. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, त्यामुळे एवढासा साठाही तिथे डोळ्यांना दिसतो. अशाच फेनपेशी हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीतही साचतात आणि तिथे अडथळ्याची सुरुवात होते. फरक इतकाच की तिथलं काही आरशात दिसत नाही.

म्हणून डाग दिसला की कोलेस्टेरॉल वाढलेलंच असणार, असं मात्र नाही. डाग असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा रक्ताचा अहवाल ठीक येतो. मग निश्चिंत व्हावं का? याचं उत्तर डेन्मार्कमधून मिळालं. कोपनहेगनमध्ये 1976 ते 1978 या काळात साडेबारा हजारांहून अधिक लोकांच्या पापण्या तपासून नोंदी केल्या गेल्या आणि पुढे 2009 पर्यंत त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला सुमारे 4.4 टक्के लोकांना असे डाग होते. त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे 48 टक्क्यांनी जास्त निघाला, आणि तोही कोलेस्टेरॉल, वय, धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढल्यानंतर. डोळ्याच्या बुबुळाभोवती उमटणारं पांढुरकं कडं त्याच अभ्यासात पाहिलं होतं, पण त्याचा असा स्वतंत्र संबंध आढळला नाही.

याचा अर्थ डाग असलेल्या प्रत्येकाला झटका येणार असा नाही. पण अहवाल चांगला आला, तरी रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घरातला हृदयविकार यांची विचारपूस व्हायलाच हवी.

एक उदाहरण घेऊ. अडतीस वर्षांच्या बाईंच्या दोन्ही पापण्यांवर डाग आहेत. अहवालात एकूण कोलेस्टेरॉल 268, चांगलं म्हणजे एचडीएल 43, ट्रायग्लिसराइड 150. यावरून वाईट समजलं जाणारं एलडीएल कागदावर काढता येतं. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागलं की 30 येतात. 268 मधून 43 आणि 30 वजा केले की उरतात 195. 190 च्या पुढचा आकडा दिसला की डॉक्टर थबकतात आणि घरच्यांची चौकशी करतात. बाईंच्या वडिलांना 48 व्या वर्षी झटका आला होता. टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली, तर ती जाड आणि गाठाळ लागते. थायरॉइडची तपासणी ठीक आहे. ती आवश्यकच, कारण थायरॉइड मंदावलं तरी कोलेस्टेरॉल चढतं. मूत्रपिंडाचे आणि यकृताचे काही आजारही असंच करतात. ते सगळं बाजूला पडल्यावर उरतो तो आनुवंशिक दोष. यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही, आणि ही खोट जन्मापासूनची असते. तूपतेल कमी करून तेवढ्याने हा आकडा खाली येत नाही, स्टॅटिनसारखं औषध लागतं. दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलेला असला, तर प्रत्येक भावंडात आणि प्रत्येक मुलात तो असण्याची शक्यता निम्मी. म्हणून बाईंच्या भावाचं आणि शाळकरी मुलीचंही रक्त तपासायला पाठवावं लागतं.

आता त्या डागांचं काय? औषधाने रक्तातला आकडा उतरतो, डाग मात्र बहुधा तसेच राहतात. नको असतील तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ ते लेझरने, आम्लाच्या लेपाने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. नाजूक जागा आहे. चुकलं तर व्रण राहतो, पापणी ओढली जाते, त्वचेचा रंग बदलतो, म्हणून पार्लरमध्ये किंवा घरी चुना-लसूण लावून हा प्रयोग करू नये. काढलेला डाग पुन्हा उगवणं अगदी नेहमीचं आहे. कोलेस्टेरॉल चढलेलंच राहिलं, तर ते आणखी लवकर होतं. रक्ततपासणी डाग काढण्याच्या आधी करून घ्यावी ती यासाठीच. पापणी स्वच्छ झाली की अनेकजण पुढची तपासणी विसरतात, आणि धमन्यांमधला साठा तसाच वाढत राहतो.