नोट्स तुम्हाला, स्लाइड सभागृहाला

एका विद्यार्थिनीला परक्या कॉलेजच्या चर्चासत्रात ज्वारीच्या बाजारभावावरचं संशोधन मांडायचं होतं. वेळ दहा मिनिटं. तिने प्रत्येक स्लाइडखाली नोट्स लिहिल्या होत्या. बोलताना त्या आपल्याला दिसतील आणि सभागृहाला दिसणार नाहीत, हा तिचा भरवसा. तो खरा ठरतो, पण एका अटीवर.

पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये आपल्या पडद्यावर चालू स्लाइड, पुढची स्लाइड, नोट्स आणि घड्याळ दिसतं. प्रोजेक्टरवर फक्त स्लाइड जाते. त्यासाठी कॉम्प्युटरला प्रोजेक्टर हा दुसरा, वेगळा पडदा वाटला पाहिजे. विंडोज आणि P ही बटणं एकत्र दाबली की पर्याय येतात. त्यातला Duplicate निवडला, तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. आपल्याला Extend हवा. तो निवडूनही कधी नोट्स प्रोजेक्टरवर आणि स्लाइड आपल्यासमोर अशी उलटापालट होते. तेव्हा गोंधळून न जाता Display Settings मध्ये Swap Presenter View and Slide Show निवडायचं, जागा बदलतात. घरी प्रोजेक्टर नसला, तरी Alt + F5 दाबून हाच पडदा एकट्या लॅपटॉपवर उघडतो. सराव त्यावरच करावा, म्हणजे नोट्सची अक्षरं उभ्याने वाचता येतात का तेही कळतं.

या विद्यार्थिनीने Slide Show मधल्या Rehearse Timings ने तालीम केली. प्रत्येक स्लाइडला किती वेळ लागतो ते त्यात नोंदलं जातं. एकूण भरली 12 मिनिटं 50 सेकंद. तिने लक्ष्य ठरवलं नऊ मिनिटांचं, कारण फाइल उघडण्यात जाणारा वेळ बहुधा बोलणाऱ्याच्याच खात्यातून कापला जातो. पद्धतीच्या स्लाइडला 2 मिनिटं 40 सेकंद लागत होती. ती तिने 50 सेकंदांवर आणली. चोवीस ओळींच्या तक्त्याला 2 मिनिटं 10 सेकंद जात होती. तक्ता काढून एकच आलेख ठेवला आणि तो एका मिनिटात सांगितला. पूर्वीच्या अभ्यासांची 50 सेकंदांची स्लाइड पूर्ण गाळली. बरोबर नऊ मिनिटं झाली.

तालमीच्या शेवटी पॉवरपॉइंट विचारतं, या वेळा जतन करायच्या का? उत्तर No द्यायचं. Yes दिलं, तर प्रत्यक्ष कार्यक्रमात त्या वेळांनुसार स्लाइड आपोआप पुढे सरकतात आणि बोलणारा मागे राहतो. चुकून Yes झालंच, तर Use Timings पुढची खूण काढून टाकावी.

आता परक्या जागेचा प्रश्न. काही कॉलेजांत पोडियमच्या कॉम्प्युटरची तार स्प्लिटर नावाच्या डबीत जाते आणि तिथून एक फाटा मॉनिटरला, दुसरा प्रोजेक्टरला जातो. तिथे विंडोजला एकच पडदा दिसतो, त्यामुळे Extend निवडून काही होत नाही. Settings मध्ये Display उघडल्यावर एकच चौकोन दिसला, तर हे ओळखावं. तिथे प्रेझेंटर व्ह्यू मिळणार नाही, असं गृहीत धरून Print मधून Notes Pages कागदावर काढून न्यावीत.

दुसरी अडचण मराठी अक्षरांची. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अख्खी स्लाइड रोमन अक्षरांचा कचरा होते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि सोबत त्याच फाइलची पीडीएफ असावी. तीत फॉन्ट आतच येतो. पीडीएफमध्ये ॲनिमेशन मात्र उरत नाही. एकावर एक येणारे आलेख त्यात एकमेकांवर चढलेले दिसतात, म्हणून ते आधीच वेगवेगळ्या स्लाइडवर घ्यावेत. ॲक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl + L दाबलं की पीडीएफ पूर्ण पडदाभर दिसते.

दोन्ही फाइल्स पेन ड्राइव्हवर ठेवाव्यात आणि स्वतःच्या ईमेलवरही पाठवाव्यात. परका पेन ड्राइव्ह बंदी असलेली कॉम्प्युटर लॅब असते, तशी इंटरनेट नसलेलीही असते.

ती विद्यार्थिनी सत्राच्या वीस मिनिटं आधी पोहोचली. पोडियमवर एकच चौकोन दिसला. तिने फाइल डेस्कटॉपवर उतरवून शेवटच्या स्लाइडपर्यंत चाळली, अक्षरं तपासली आणि पिशवीतून छापलेल्या नोट्स काढल्या. घड्याळासाठी मनगट होतंच, आणि नऊ मिनिटं तिच्या तोंडात बसलेली होती.