भटारखान्यात उंदीर, झुरळ, पाल : कोणता माल टाकावा?

खानावळ किंवा बिर्याणीचा धंदा करणाऱ्या बंधूंना सकाळी फडताळ उघडताच कधी ना कधी हा प्रश्न पडतो. माल टाकावा तर नुकसान, ठेवावा तर गिऱ्हाईक आजारी पडण्याची धास्ती. अशा वेळी माल कोरडा आहे की शिजलेला आणि तो कशात ठेवला होता, हे आधी पाहावे.

समजा, रात्री उघड्या राहिलेल्या डाळीच्या पातेल्यात सकाळी पाल सापडली. घरातली पाल विषारी असते, हा समज चुकीचा आहे. खरा धोका तिच्या आतड्यात व विष्ठेत असणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा असतो. उकळल्याने हे जंतू मरतात, म्हणून काहीजण पाल काढून डाळ पुन्हा उकळतात. परंतु रात्रभर कोमट राहिलेल्या डाळीत इतर काही जंतू असे विष तयार करतात, की ते उकळूनही जात नाही. म्हणून पातळ पदार्थ पूर्ण टाकावा. ती डाळ कोणी खाल्ली असेल आणि पाल दिसताच त्याला ओकारी आली, तर ती बहुधा किळसेने आलेली असते. साल्मोनेलाचा त्रास साधारण सहा तासांपासून तीन दिवसांत सुरू होतो. ताप व जुलाब झाल्यास डॉक्टरांकडे जावे.

आता त्याच फडताळाखाली तांदळाची गोणी कुरतडलेली असून आत लेंड्या आहेत. लेंड्या वेचून तांदूळ धुतला की काम झाले, असे मानू नये. उंदीर फिरता फिरता मुततो. ते मूत तागात व दाण्यांत मुरते आणि वाळल्यावर दिसत नाही. ही गोणी टाकावी. शेजारची गोणी अखंड असेल, तिच्यावर लेंडी किंवा ओला डाग नसेल, तर ती वेगळी काढून ठेवावी. मऊ, काळी, चकचकीत लेंडी ताजी असते. कडक व करडी पडलेली जुनी.

उघड्या डब्यातल्या पिठात झुरळ सापडले, तर पीठ चाळून फक्त झुरळ निघते, त्याची विष्ठा नाही. ते पीठ टाकावे. मात्र घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा काचेच्या बरणीवर झुरळ फिरले असेल, तर झाकण उघडण्यापूर्वी बरणी साबणाने धुवावी. आतला माल चालतो. दात लागलेले प्लॅस्टिकचे पाकीट मात्र ठेवू नये.

लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत, धूळ नाकात जाते. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी यांचे मिश्रण त्यांवर ओतावे, पाच मिनिटे थांबून कागदाने टिपून घ्यावे. त्यानंतरच नवी गोणी आणावी आणि ती जमिनीवर न ठेवता भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावी.