टीव्हीचे वाय-फाय वारंवार तुटते. कारण राउटरच्या नोंदवहीत

चित्रपट ऐन रंगात आलेला असताना पडद्यावर ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ असा संदेश झळकतो आणि दहा-बारा सेकंदांत सारे पुन्हा सुरळीत होते. मोबाइल आणि लॅपटॉप मात्र त्याच वेळी विनातक्रार चालू असतात. अशा वेळी दोष कधी इंटरनेट सेवेला, कधी टीव्हीला दिला जातो आणि बहुतेक घरांत राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्यावर विषय संपतो. या उपायात एक तोटा दडलेला आहे. घरगुती राउटर आपली नोंदवही, म्हणजे लॉग, साधारणतः तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. वीज गेली की ती पुसली जाते. ज्या पुराव्यावरून कारण सापडले असते, तोच उपायाच्या नावाखाली नष्ट होतो.

राउटर आणि टीव्ही यांच्यातील जोडणी तुटते तेव्हा ती कोणी तोडली, हा पहिला प्रश्न. टीव्ही स्वतःहून निघून गेला, की राउटरने त्याला काढून टाकले? पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. नोंदवहीत मात्र फरक स्पष्ट असतो. येथे उदाहरण घेतले आहे ते ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या राउटरचे, कारण त्यात नोंदी तपशीलवार मिळतात. एका घरातील दिवाणखान्यात राउटर आणि टीव्ही यांच्यात जेमतेम चार मीटरचे अंतर, मध्ये भिंत नाही, आणि तरीही रोज रात्री टीव्ही तीन-चार वेळा तुटत होता.

प्रथम टीव्हीचा मॅक पत्ता शोधावा लागतो. नोंदवही टीव्हीला नावाने नव्हे, या पत्त्याने ओळखते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या माहितीत तो मिळतो. मात्र केबलसाठी वेगळा आणि वाय-फायसाठी वेगळा पत्ता असतो, त्यातील वाय-फायचाच घ्यायला हवा. राउटरचे घड्याळ बरोबर आहे ना, हेही पाहून घ्यावे. पुष्कळ राउटरांना वेळ इंटरनेटवरूनच कळते. ती मिळेपर्यंतच्या नोंदींवर चुकीची तारीख पडते आणि पडद्यावर घडलेल्या घटनेशी त्यांचा मेळ लागत नाही. त्यानंतर `logread -e hostapd` ही आज्ञा दिली असता या घरात पुढील ओळी दिसल्या. वार आणि तारीख येथे वगळली आहे.

```
21:42:07 hostapd: phy0-ap0: STA 02:00:00:aa:bb:01 IEEE 802.11: disconnected due to excessive missing ACKs
21:42:07 hostapd: phy0-ap0: AP-STA-DISCONNECTED 02:00:00:aa:bb:01
21:42:19 hostapd: phy0-ap0: AP-STA-CONNECTED 02:00:00:aa:bb:01
```

पहिली ओळ महत्त्वाची. वाय-फायमध्ये राउटरने पाठवलेला माहितीचा तुकडा पोहोचला की समोरचे उपकरण लगेच छोटीशी पोच देते. पोच आली नाही तर राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. असे बरेच तुकडे ओळीने पोचेविना राहिले, की समोरचे उपकरण आता आवाक्यात नाही असे समजून राउटर त्याचे नाव कमी करतो. म्हणजे येथे टीव्ही गेला नव्हता. राउटरने त्याला काढले होते. टीव्हीने १२ सेकंदांत पुन्हा जोडणी केली, यावरून तो जागा होता आणि जोडलेला राहू इच्छित होता हेही कळते.

हीच ओळ `disassociated due to inactivity` अशी असती, तर अर्थ वेगळा झाला असता. टीव्ही बंद किंवा निद्रावस्थेत गेल्यावर अशी नोंद येते आणि ती दोषाची खूण नाही. एकाच क्षणी घरातील सगळी उपकरणे तुटलेली दिसली, तर टीव्ही निर्दोष ठरतो. राउटर पुन्हा सुरू झाला असावा किंवा त्याने चॅनेल बदलला असावा. आणि तुटण्याच्या वेळा घड्याळ लावल्यासारख्या, उदाहरणार्थ बरोबर तासातासाने येत असतील, तर सांकेतिक चावी ठरावीक काळाने बदलण्याच्या प्रक्रियेकडे पाहावे. अनेक राउटरांत तो काळ ३६०० सेकंदांचा असतो आणि काही जुन्या उपकरणांना ती देवघेव नीट जमत नाही. या घरातील वेळा मात्र अनियमित होत्या आणि तुटत होता तो एकटा टीव्ही.

पोच येत नाही म्हटल्यावर पहिला संशय क्षीण संकेतावर जातो. संकेताची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यांत मोजतात. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका संकेत सबळ. दर १० डीबीएमच्या घटीबरोबर पोहोचणारी शक्ती दहा पटींनी कमी होते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चित्रफीत निर्वेध चालावी असा व्यवहारातला अंदाज, आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी जेमतेम. `iw dev phy0-ap0 station dump` या आज्ञेने प्रत्येक जोडलेल्या उपकरणाची आकडेवारी मिळते. टीव्हीची आकडेवारी, तिच्यातील कामाच्या तेवढ्या ओळी ठेवून, अशी होती:

```
signal avg:  -51 dBm
tx packets:  18240
tx retries:  15710
tx failed:   612
tx bitrate:  6.5 MBit/s MCS 0
rx bitrate:  65.0 MBit/s MCS 7
```

संकेत उणे ५१, म्हणजे उत्तम. बहुतेक तपास येथेच भरकटतात, कारण हा आकडा कोणाच्या कानाने ऐकलेला आहे, हे विसरले जाते. ही राउटरची नोंद आहे. टीव्हीचा आवाज राउटरला किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच ती सांगते. राउटरचे बोलणे टीव्हीला कसे ऐकू येते, याबद्दल ती मूक असते. त्याचे उत्तर खालच्या ओळींत शोधावे लागते. त्यातील `tx` म्हणजे राउटरकडून टीव्हीकडे आणि `rx` म्हणजे टीव्हीकडून राउटरकडे.

हे आकडे जोडणी झाल्यापासूनची बेरीज असतात, त्यामुळे एकाच वाचनावरून निष्कर्ष काढू नये. एका मिनिटाने दुसरे वाचन घेतले तेव्हा `tx packets` २०३९०, `tx retries` १७६५० आणि `tx failed` ६८६ झाले होते. वजाबाकी केली की त्या मिनिटात २१५० तुकडे पाठवले गेले, १९४० वेळा पुनःप्रयत्न करावा लागला आणि ७४ तुकडे अखेर पोहोचलेच नाहीत, असे दिसते. दर शंभर तुकड्यांमागे सुमारे ९० पुनःप्रयत्न. राउटरने वेगही खालच्या पायरीपर्यंत, ६.५ मेगाबिटपर्यंत उतरवला होता. उलट टीव्हीकडून येणारी माहिती ६५ मेगाबिटने स्वच्छ पोहोचत होती. एकाच अंतरावर, एकाच चॅनेलवर, एक दिशा निरोगी आणि दुसरी आजारी. अंतर किंवा भिंत हे कारण असते तर दोन्ही दिशांना त्रास झाला असता. याचा अर्थ, गोंगाट टीव्हीच्या अगदी जवळ होता. इतका जवळ की चार मीटरवरील राउटरला त्याचा पत्ताही नव्हता.

टीव्हीच्या मागे यूएसबी ३.० जोडणीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क लटकत होती. लग्नाच्या चित्रफिती आणि छायाचित्रे तिच्यात होती, म्हणून ती कायम लावलेली. इंटेल कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक निबंधात हा दोष मोजून दाखवला आहे: यूएसबी ३.० ची माहिती सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावते आणि त्या वेगामुळे निर्माण होणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. तो डिस्क, जोडखोबण आणि केबल या तिन्हींतून बाहेर पडू शकतो. टीव्हीचा अँटेना याच मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या आत बसवलेला असतो. आणि टीव्ही जोडलेला होता २.४ गिगाहर्ट्झवरच.

तरीही हा संशयच होता. ब्लूटूथचा साउंडबार किंवा भिंतीपलीकडील शेजाऱ्याचा राउटर यांमुळेही अशीच एकतर्फी आकडेवारी येऊ शकते. मायक्रोवेव्ह असता तर तुटण्याच्या वेळा स्वयंपाकघराशी जुळल्या असत्या. खात्री करण्याचा मार्ग साधा होता: दुसरे काहीही न बदलता फक्त डिस्क काढायची. ती काढल्यावर त्याच वेळी, तोच कार्यक्रम चालू असताना घेतलेल्या एका मिनिटाच्या आकड्यांत ९६०० तुकडे, ४१० पुनःप्रयत्न आणि शून्य अपयश आढळले. शंभरामागे ९० वरून सुमारे ४. संकेत उणे ५१ वरच होता, त्यात काहीच फरक नव्हता. तीन रात्री नोंदवहीत ती ओळ उमटली नाही. चौथ्या दिवशी डिस्क मुद्दाम पुन्हा लावली आणि त्याच रात्री ओळ परत आली. हा शेवटचा टप्पा लोक कंटाळून सोडून देतात. पण डिस्क काढण्याची आणि शेजाऱ्याने राउटर हलवण्याची वेळ योगायोगाने एकच आली असेल, ही शक्यता त्याशिवाय निकालात निघत नाही.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. टीव्हीला यूएसबी २.० ची खोबण असेल तर डिस्क तेथे लावावी. त्या जोडणीचा वेग ४८० मेगाबिटचा असल्याने हा गोंगाट उद्भवत नाही आणि चित्रफिती पाहण्यास तो पुरतो. नाहीतर चांगले आवरण असलेली मीटरभर जोडकेबल घेऊन डिस्क अँटेनापासून दूर न्यावी. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर नेता येत असेल तर २.४ मधील हा त्रास टळतो, परंतु मध्ये जाड भिंती असल्यास तेथे क्षीण संकेताचा नवा प्रश्न उभा राहतो. नेटवर्क केबल सर्वांत खात्रीची. अनेक टीव्हींची ही खोबण १०० मेगाबिटचीच असली तरी 4K प्रक्षेपणाला तेवढे पुरते. राउटरमधील `disassoc_low_ack` ही सोय बंद करण्याचा सल्लाही काही जण देतात. त्याने राउटर टीव्हीला काढून टाकणार नाही, पण तुकडे पोहोचणार नाहीत ते नाहीतच. तुटण्याऐवजी चित्र अडखळेल आणि नोंदवहीतील खूणही नाहीशी होईल.

सेवा पुरवठादाराने दिलेल्या साध्या राउटरांत इतके तपशील सहसा दिसत नाहीत. तेथे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत संकेताचा एक आकडा आणि `System Log` मध्ये जोडणी-तुटणीच्या वेळा एवढेच हाती लागते. काही चिपमध्ये पुनःप्रयत्नांचा आकडा भरलाच जात नाही आणि कायम शून्य दिसतो. त्या शून्यावर विश्वास ठेवू नये, `tx bitrate` कोठे घुटमळतो ते पाहावे. टीव्ही काही करत नसताना `rx bitrate` अगदी कमी दिसला तर तोही दोष नव्हे. तो केवळ शेवटच्या तुकड्याचा वेग असतो, म्हणून वाचने कार्यक्रम चालू असतानाच घ्यावीत. याउलट, टीव्हीच्या पडद्यावर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आणि राउटरच्या यादीत संकेत उणे ८०, असे दिसले तर कहाणी उलटी असते. राउटरचा दमदार आवाज टीव्हीला ऐकू येतो, पण टीव्हीचा दुबळा आवाज राउटरपर्यंत पोहोचत नाही. तेथे राउटरची शक्ती वाढवून काहीच साधत नाही. राउटरच टीव्हीच्या जवळ आणावा लागतो.