सेकंदाला ०.६

पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग माजिवडा नाक्यावर एकमेकांना भिडतात, आणि तिथून ढोकाळी-बाळकुमपर्यंत टॉवरांची रांग लागते. हिशेबासाठी त्यातलं एक संकुल मनातल्या मनात उभं करू. सहा टॉवर, प्रत्येकी २८ मजले, मजल्याला चार फ्लॅट, म्हणजे ६७२ घरं. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा असं सगळं मिळून घरटी आठ उपकरणं धरली, तर ५,३७६ उपकरणं झाली. या सगळ्यांचं इंटरनेट केबलवाल्याच्या एका लिनक्स गेटवेतून बाहेर पडतं.

हा गेटवे काही लेचापेचा नाही. दहा गिगाबिटची लाइन १,५०० बाइटच्या पॅकेटांनी पूर्ण भरली, तर सेकंदाला सुमारे ८ लाख ३३ हजार पॅकेटं जातात. एका पॅकेटच्या वाट्याला १.२ मायक्रोसेकंद येतात. चांगल्या सर्व्हरचे आठ-दहा कोर हे ओझं वाटून घेतात. आणि याच यंत्राचा गळा सेकंदाला ०.६ नव्या कनेक्शनांनी आवळता येतो. शून्य पूर्णांक सहा दशांश. तीन मिनिटांत जेमतेम ११०.

कारण कर्नेल पॅकेटं नुसती पुढे ढकलत नाही, ती लक्षातही ठेवतो. लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत, जानेवारी २००१ मध्ये, रस्टी रसेल यांनी सुरू केलेली नेटफिल्टर ही यंत्रणा कर्नेलमध्ये आली आणि तिच्याबरोबर कनेक्शनांची नोंद ठेवणारा तक्ताही आला. आतला कुठला पत्ता, कुठल्या पोर्टवरून, बाहेरच्या कुणाशी बोलतोय, हे त्यात असतं. शेकडो घरं मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे दडवायची, तर या तक्त्यावाचून गत्यंतर नाही. उत्तर आल्यावर ते कुणाच्या घरी पोचवायचं हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. चार जीबीहून जास्त रॅम असलेल्या यंत्रावर या तक्त्याची मर्यादा आपोआप २,६२,१४४ नोंदींवर ठरते. एक नोंद साधारण ३२० बाइटची, म्हणजे भरगच्च तक्ता ८० एमबीचा. सोळा जीबीच्या गेटवेवर हा अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे मेमरीचा आलेख बघणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही.

तक्ता किती भरेल हे एका गुणाकारावर ठरतं: सेकंदाला येणाऱ्या नव्या नोंदी गुणिले प्रत्येक नोंदीचं आयुष्य. यातल्या पहिल्या आकड्याकडे सगळे बघतात, खोडी दुसऱ्यात असते. डीएनएसचा एक प्रश्न समजा २० मिलिसेकंदांत सुटला, तरी त्याची नोंद ३० सेकंद राहते, म्हणजे गरजेच्या दीड हजार पट. तरीही नुसत्या डीएनएसनं तक्ता भरायला सेकंदाला ८,७३८ प्रश्न लागतील. आपल्या संकुलातल्या प्रत्येक उपकरणानं दर सेकंदाला दीडाहून जास्त प्रश्न अखंड विचारत राहिलं पाहिजे. अशक्य नाही, पण अवघड आहे.

टीसीपीचं प्रस्थापित कनेक्शन मात्र, दोन्ही बाजू गप्प राहिल्या तर, ४,३२,००० सेकंद नोंदवहीत राहतं. पूर्ण पाच दिवस. आता भागाकार करा: २,६२,१४४ भागिले ४,३२,००० बरोबर ०.६०७. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमननं आत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव लिहावं, पण जो न सांगता मागच्या दारानं गेला त्याचं नाव पाच दिवस खोडू नये, आणि वही भरली की नव्या पाहुण्याला दारातूनच परतवावं, तसा हा प्रकार.

न सांगता जाणारे तरी किती असणार? कनेक्शन नीट बंद झालं तर दोन्ही बाजू ‘फिन’ पाठवतात आणि नोंद सुमारे दोन मिनिटांत मिटते. पण मोबाइल लिफ्टमधून खाली गेला आणि वायफाय सोडून सिमच्या नेटवर आला, लॅपटॉपचं झाकण मिटलं, घरातला राउटर बंद पडला, तर निरोप घ्यायला कुणी उरतच नाही. सगळ्यात मोठा फटका वीज जाण्याचा. गेटवे बॅटरीवर चालू राहतो, ६७२ घरांतले राउटर मात्र एकदम मरतात. प्रत्येक घराची १०० टीसीपी कनेक्शनं उघडी होती असं धरलं, तर एका झटक्यात ६७,२०० नोंदी अनाथ होतात. पाच दिवसांत चारदा वीज गेली, तर २,६८,८००. मर्यादा ओलांडली, तीही सगळं संकुल झोपलेलं असताना.

हा आकडा वरच्या टोकाचा आहे हे खरं. पलीकडचा सर्व्हर बऱ्याचदा स्वतःहून कनेक्शन बंद करतो किंवा ‘रीसेट’ पाठवतो, आणि ती नोंद लवकर सुटते. सर्व्हरनं पाठवलेल्या मजकुराला पोच मिळाली नाही आणि तो तेच पुन्हा पाठवू लागला, तर कर्नेल मुदत पाच मिनिटांवर आणतो. पाच दिवस टिकतात ती दोन्हीकडून गप्प असलेली कनेक्शनं. पण ०.६ ची मर्यादा गाठायला तेवढीही पुरतात.

मग एका संध्याकाळी गेटवेच्या लॉगमध्ये हे उमटतं:

```
net_ratelimit: 4127 callbacks suppressed
nf_conntrack: nf_conntrack: table full, dropping packet
```

दुसरी ओळ सगळे वाचतात, पहिली सोडून देतात. असे संदेश पाच सेकंदांत जास्तीत जास्त दहा छापायचे असं कर्नेलचं ठरलेलं आहे; उरलेले तो गिळतो आणि नंतर फक्त किती गिळले ते सांगतो. इथे ४,१२७ गिळले. त्यामुळे लॉगमधल्या ओळी मोजून किती पॅकेटं टाकली गेली याचा अंदाज बांधणं व्यर्थ आहे. तो `conntrack -S` मधल्या `drop` या आकड्यावरून घ्यायचा.

ग्राहकाला दिसतं ते याहून चमत्कारिक. तक्त्यात आधीपासून असलेल्या प्रस्थापित टीसीपी कनेक्शनांना काहीही होत नाही. मॅच बघणाऱ्याची मॅच चालू राहते, शेजारच्या खोलीत नवं पान उघडत नाही. आणि ते कधीच उघडत नाही असंही नाही. पहिलं पॅकेट पडलं की मोबाइल एका सेकंदानं पुन्हा प्रयत्न करतो, मग सुरुवातीपासून तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या सेकंदाला. दरम्यान एखादी जागा रिकामी झाली तर कनेक्शन लागतं, आणि लागलं की पूर्ण वेगानं धावतं. म्हणून तक्रार येते ती “नेट स्लो आहे” अशी, आणि स्पीड टेस्ट उत्तम येते. केबलवाल्याच्या पडद्यावर सकाळपासून चालू असलेला पिंग सहसा एकही पॅकेट हरवल्याचं सांगत नाही, कारण त्याचीही नोंद तक्त्यात सकाळपासून आहे. नवा पिंग लावून बघितला तर खरं कळेल.

“काका, राउटर एकदा बंद-चालू करा ना.” फोनवर मिळणारा हा सल्ला इथे विष ठरतो. राउटर बंद झाला की त्या घराच्या शंभर जुन्या नोंदी अनाथ होतात, आणि चालू झाला की तेच घर नव्या शंभर नोंदींसाठी रांगेत उभं राहतं. तक्रारी वाढतील तशी ही बंद-चालूही वाढते.

तक्ता भरला की कर्नेल थोडी शोधाशोध करतो, नाही असं नाही. काही खण चाळून ज्याचं अजून पक्कं झालेलं नाही अशी एखादी नोंद तो काढून टाकतो. पण टीसीपीचा हस्तांदोलनाचा विधी एकदा पूर्ण झाला की नोंदीवर पक्केपणाचा शिक्का बसतो, आणि शिक्का असलेल्या प्रस्थापित कनेक्शनाला हात लागत नाही. म्हणजे तीन दिवसांपूर्वी मेलेलं कनेक्शन सुरक्षित, आणि आत्ता दार ठोठावणारं बळी. मला हा या सगळ्यातला सर्वांत उफराटा भाग वाटतो.

मेलेलं कनेक्शन ओळखायचं कसं? `conntrack -L` ची एक ओळ बघा:

```
tcp 6 187204 ESTABLISHED src=10.20.4.17 dst=203.0.113.9 sport=51514 dport=443 src=203.0.113.9 dst=198.51.100.7 sport=443 dport=51514 [ASSURED]
```

तिसरा रकाना म्हणजे उरलेलं आयुष्य. प्रत्येक पॅकेटबरोबर तो पुन्हा ४,३२,००० होतो. इथे १,८७,२०४ उरलेत, म्हणजे २,४४,७९६ सेकंद सरले. ६८ तास या कनेक्शनवर चिटपाखरू फिरकलेलं नाही. तक्त्यात अशा ओळी लाखभर निघाल्या, तर दुखणं गर्दीचं नव्हे, मुदतीचं आहे.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: मर्यादा वाढवा. १०,४८,५७६ केली तर मेमरी जाते ३२० एमबी, ती सहज परवडते. पण नोंदी ज्या खणांत ठेवतात ते खणही वाढवावे लागतात. प्रत्येक नोंद जाण्याच्या आणि येण्याच्या अशा दोन दिशांनी दोनदा लावलेली असते. काही वर्षांपूर्वीच्या कर्नेलवर खण ६५,५३६ असत. दहा लाख नोंदी दुप्पट करून त्यांत कोंबल्या, तर एका खणात सरासरी ३२ नोंदींची साखळी होते. मेमरीतून एक कडी आणायला १०० नॅनोसेकंद धरले, तर अख्खी साखळी चाळायला ३.२ मायक्रोसेकंद लागतात, आणि एकट्या कोरला पॅकेटमागे मिळाले असते १.२; ओझं वाटून घेणाऱ्या कोरांचाही बराच वेळ यातच जातो. नव्या कर्नेलांवर खण आधीच २,६२,१४४ असतात, तिथे साखळी आठांची होते.

खरा उतारा मुदतीत आहे. आरएफसी ५३८२ हा ऑक्टोबर २००८ चा दस्तऐवज सांगतो, की पत्ते बदलणाऱ्या यंत्रानं प्रस्थापित टीसीपी कनेक्शन किमान २ तास ४ मिनिटं सांभाळावं. म्हणजे ७,४४० सेकंद. पाच दिवसांच्या तुलनेत हे ५८ पटीनं कमी, आणि तोच २,६२,१४४ चा तक्ता आता सेकंदाला ०.६ ऐवजी ३५ बेपत्ता कनेक्शनं पचवतो. एक बाइटही जास्त न खर्चता.

```
sysctl -w net.netfilter.nf_conntrack_max=1048576
sysctl -w net.netfilter.nf_conntrack_buckets=262144
sysctl -w net.netfilter.nf_conntrack_tcp_timeout_established=7440
```

शेवटची आज्ञा जुन्या मृत नोंदींना लागू होत नाही. नवी मुदत पुढच्या पॅकेटच्या वेळी लावली जाते, आणि मृताला पुढचं पॅकेट नसतं. त्या आपल्या उरलेल्या तासांनिशी बसून राहतात. सरसकट पुसायचा मोह होतो, पण त्यात चालू कनेक्शनांचेही पत्ते पुसले जातात आणि सगळं संकुल एकदम तुटतं. म्हणून आधी मर्यादा वाढवून श्वास घ्यायला जागा करायची आणि पाच दिवस जाऊ द्यायचे.

एक मेख उरते. हे आकडे `/etc/sysctl.conf` मध्ये लिहून ठेवले, तरी यंत्र सुरू होताना ती फाइल अनेकदा `nf_conntrack` हे मॉड्यूल चढण्याआधीच वाचली जाते. तेव्हा ती नावं अस्तित्वातच नसतात, आणि पुढच्या रीबूटनंतर ७,४४० च्या जागी पुन्हा ४,३२,००० येऊन बसतं. मॉड्यूलचं नाव `/etc/modules-load.d/` मधल्या फाइलीत टाकलं की ते आधी चढतं.