दोनशे पानांचा अहवाल एका पानावर

बाजार संशोधनाचा अहवाल ठरावीक क्रमाने लिहिलेला असतो. आधी संशोधनाचा हेतू, मग पद्धत, मग तक्त्यांमागून तक्ते आणि शेवटी परिशिष्टात प्रश्नावली. प्रॉडक्ट मॅनेजरला मात्र एखादा निर्णय घ्यायचा असतो, तोही बहुधा ठरलेल्या तारखेच्या आत. त्यामुळे अहवालाचे सार काढणारा माणूस पहिल्या पानापासून वाचू लागला, तर त्याच्या हाती फक्त छोटा झालेला अहवाल उरतो. काम उलट्या दिशेने करावे लागते. कोणता निर्णय घ्यायचा आहे हे आधी एका वाक्यात लिहायचे, मग थेट परिशिष्ट उघडून प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारले गेले ते पाहायचे आणि त्यानंतर तक्त्यांकडे वळायचे. तक्त्यातला आकडा हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न नजरेसमोर नसेल तर तो आकडा भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला जातो.

साराचा पहिला भाग निष्कर्षांचा. कोणाला विचारले, काय विचारले आणि कशाच्या तुलनेत, या तिन्ही गोष्टी सांगणारे वाक्यच निष्कर्ष म्हणून चालते. “ग्राहकांना नवे पाकीट आवडले” हे मत झाले. “दर आठवड्याला मसाला विकत घेणाऱ्या ४०० जणांना जुने आणि नवे पाकीट शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा ६२ टक्क्यांनी नवे निवडले” हा निष्कर्ष झाला. खरेदीच्या इराद्याविषयी तर फार जपून लिहावे लागते. “नक्की घेईन” आणि “बहुधा घेईन” ही दोन्ही उत्तरे एकत्र करून मोठा आकडा दाखवण्याची या व्यवसायात जुनी रीत आहे. अशा उत्तरांत खिशातून पैसे जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष खरेदी त्यांच्यापेक्षा बरीच कमी भरते. सारात ही दोन उत्तरे वेगळी करून लिहिणे केव्हाही चांगले.

दुसरा भाग नमुन्याच्या मर्यादांचा. बहुतेक सारांशांत तो शेवटी, बारीक अक्षरांत जातो आणि तिथेच नुकसान होते. मर्यादा ज्या निष्कर्षाला लागू आहे, त्याच्या शेजारीच ती हवी. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातले गणित खरे आहे. नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडलेला असेल, तर ४०० जणांच्या उत्तरात सुमारे ५ टक्क्यांचा फरक दोन्ही बाजूंना पडू शकतो. म्हणजे ६२ हा आकडा ५७ ते ६७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. अहवालात पुढे म्हटलेले असते की विदर्भात हेच प्रमाण ७० टक्के आहे. तक्त्याखाली छोट्या अक्षरांत बेस दिलेला असतो, म्हणजे त्या रकान्यात प्रत्यक्ष किती माणसे आहेत ती संख्या. ती निघते ६०. साठ जणांवर आधारलेले ७० टक्के हे ५८ ते ८२ यांच्या मध्ये कुठेही असू शकतात. “विदर्भात नवे पाकीट जास्त चालेल” असे म्हणायला या तक्त्यात आधार नाही. सार लिहिताना प्रत्येक टक्केवारीखालचा बेस बघण्याची सवय असली, तर अर्ध्याहून अधिक घसरणी टळतात.

मात्र हे गणित मोजते ते फक्त योगायोगाने पडणारा फरक. नमुन्यात कोण आलेच नाही आणि काय विचारलेच नाही, या गोष्टी त्यात धरल्या जात नाहीत. नमुना कितीही मोठा केला तरी ही उणीव भरून निघत नाही. याचे सर्वांत परिचित उदाहरण कोका-कोला कंपनीने १९८५ साली अमेरिकेत घडवले. पेप्सीने १९७५ पासून डोळे झाकून चव घेण्याच्या जाहीर चाचण्या चालवल्या होत्या आणि कोकचा बाजारातला हिस्सा हळूहळू घटत होता. कंपनीने अधिक गोड असा नवा फॉर्म्युला तयार करून जवळपास दोन लाख लोकांकडून चवीच्या चाचण्या करवून घेतल्या. इतक्या मोठ्या नमुन्यात योगायोगाचा फरक पाव टक्काही उरत नाही. बहुसंख्यांनी नवी चव पसंत केली. २३ एप्रिल १९८५ रोजी नवा कोक जाहीर झाला आणि जुना बंद करण्यात आला. ग्राहकांचा संताप एवढा उसळला की त्याच वर्षी जुलैमध्ये, ७९ दिवसांनी, जुना कोक ‘क्लासिक’ या नावाने परत आणावा लागला.

त्या संशोधनाचे एका पानाचे सार काढायचे तर निष्कर्षांत तीन वाक्ये येतील. नाव न सांगता घेतलेल्या चाचणीत नवी चव जुनीपेक्षा आणि पेप्सीपेक्षाही अधिकांना आवडली. हाच कोक असेल तर घ्याल का, असे विचारल्यावर बहुतेकांनी होकार दिला, मात्र सुमारे १० ते १२ टक्के लोक चिडले आणि कोक पिणेच सोडू असे म्हणाले. तिसरे वाक्य फोकस ग्रुपचे. तिथे चिडलेले थोडेसे लोक गटातल्या इतरांचे मतही आपल्याकडे ओढत होते. म्हणजे एकेकट्याला विचारल्यावर विरोध सौम्य दिसत होता आणि माणसे एकत्र बसली की तो वाढत होता. कंपनीने आकड्यांच्या सर्वेक्षणाला जास्त वजन दिले. खरे तर दोन पद्धतींची उत्तरे जुळत नाहीत, हाच त्या अहवालातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष होता. सार काढताना अशी विसंगती गुळगुळीत करून टाकण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. बाजारात माणसे एकेकटी राहत नाहीत, ती एकमेकांशी बोलतात.

मर्यादांत दोन गोष्टी येतील. चाचणी घोटभर पेयाची होती. घोटभर चाखताना गोड पेय सरस वाटते, पण घरी पूर्ण बाटली पिताना ते तसेच वाटेल याची खात्री नसते. दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. लोकांना दोन चवींतून एक निवडायला सांगितले होते. आवडता जुना कोक कायमचा मिळणार नाही, हे त्यांच्यासमोर स्पष्टपणे मांडलेले नव्हते. निर्णय होता जुना काढून घेण्याचा, आणि मोजली गेली ती नव्याची पसंती.

तिसरा भाग परिणामांचा, म्हणजे या निष्कर्षांवरून मॅनेजरने काय करावे याचा. इथली वाक्ये निष्कर्षांच्या पुढे धावता कामा नयेत. एवढ्या पुराव्यावर काय करता येईल, कशाला अजून आधार नाही आणि तो आधार कोणत्या चाचणीने मिळेल, या क्रमाने लिहिले की पुरते. कोकच्या बाबतीत त्या पानावर असे लिहिता आले असते: नवी चव बाजारात आणण्याइतका पुरावा आहे. जुनी बंद करण्याचा पुरावा नाही, कारण तो प्रश्न विचारलाच गेला नाही. दोन्ही चवी ठेवल्या तर विक्री विभागली जाऊन पेप्सी पुढे जाईल ही भीती रास्त आहे, पण ती धंद्याची अडचण आहे, संशोधनाचा निष्कर्ष नव्हे, म्हणून ती वेगळ्या ओळीत मांडावी. जुनी चव बंद करायचीच असेल, तर आधी एका शहरात काही महिने फक्त नवा कोक विकून पाहावा. तिथे चिडलेल्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरच थांबते की इतरांनाही सोबत घेऊन वाढते, हे मोजावे आणि ते वाढले तर बेत थांबवावा.