बस किती वेळ अडवायची?

संगणकातल्या प्रोसेसरला मेमरीतून काहीही आणायचे किंवा मेमरीत ठेवायचे असेल, तर त्याला बसवरून जावे लागते. बस म्हणजे पत्ते, माहिती आणि इशारे वाहून नेणाऱ्या तारांचा सामायिक जुडगा. त्यावर एका वेळी एकच व्यवहार होतो. डिस्कवरची माहिती प्रोसेसरच्या मध्यस्थीशिवाय थेट मेमरीत जाते, त्या पद्धतीला डीएमए म्हणतात. तिलाही हीच बस लागते. त्यामुळे डीएमए चालू असताना प्रोसेसरला बस कधी मिळणार, हा प्रश्न येतोच.

त्याची दोन उत्तरे आहेत. घाटातल्या एकेरी पुलावरून मोठा ताफा जायचा असेल, तर समोरची वाहतूक थांबवून तो सलग जाऊ द्यायचा, किंवा एकेक गाडी सोडून मध्ये समोरच्यालाही वाट द्यायची. पहिला प्रकार म्हणजे बर्स्ट मोड, दुसरा म्हणजे सायकल स्टीलिंग.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो आयबीएमच्या जुन्या पीसीत आणि त्याच्या पुढच्या एक्सटी या यंत्रात. पीसी 1981 साली आला, एक्सटी 1983 साली. दोन्हींत इंटेलचा 8088 प्रोसेसर होता आणि त्याचे घड्याळ सेकंदाला सुमारे 47.7 लाख ठोके देई, म्हणजे एक ठोका 0.21 मायक्रोसेकंदाचा. डीएमएचे काम 8237 नावाची वेगळी चिप करत असे. डिस्कच्या अडॅप्टरने इशारा दिला की 8237 बस मागते, आणि प्रोसेसरचा चालू असलेला बस-व्यवहार संपताच ती तिला मिळते. इंटरप्टमध्ये हातातली पूर्ण सूचना संपवून, कुठे होतो याची नोंद ठेवून दुसरीकडे जावे लागते. इथे तसे काही नाही. प्रोसेसर जिथल्या तिथे थांबतो आणि बस परत आली की तिथूनच पुढे जातो.

आता एक्सटीचे उदाहरण घेऊ. त्यात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि तिच्या अडॅप्टरवर एक सेक्टर, म्हणजे 512 बाइट, मावेल अशी साठवण होती. सेक्टर तिथे तयार असल्यामुळे तो एका दमात मेमरीत ओतणे शक्य होते. एक बाइट नेण्यास डीएमएला 5 ठोके लागतात, म्हणजे 1.05 मायक्रोसेकंद. बर्स्टमध्ये यातले थोडे वाचतात, पण हिशेबाच्या सोयीसाठी हाच दर धरू. पूर्ण सेक्टरला 2,560 ठोके लागले, म्हणजे सुमारे 0.54 मिलिसेकंद. तेवढा वेळ प्रोसेसरला बस मुळीच मिळत नाही.

सायकल स्टीलिंगमध्ये 8237 एक बाइट नेते, बस सोडते आणि पुन्हा मागते. मध्ये प्रोसेसरला निदान एक पूर्ण बस-व्यवहार करायला मिळतो, आणि 8088 साठी तो 4 ठोक्यांचा असतो. म्हणजे अडॅप्टर न थांबता मागणी करत राहिला असे धरले, तर दर बाइटमागे साधारण 9 ठोके जातात आणि सेक्टर पोहोचायला सुमारे 0.97 मिलिसेकंद लागतात. डिस्कचे काम जवळजवळ दुप्पट लांबले. पण त्या काळात प्रोसेसरला बसचा जवळपास निम्मा वाटा मिळाला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. प्रोसेसरकडून काढून घेतलेले ठोके दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. सायकल स्टीलिंगमुळे प्रोसेसरचा वेळ वाचतो असे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. बदलते ती त्याच्या सर्वांत लांब प्रतीक्षेची लांबी: एकीकडे अर्धा मिलिसेकंद, दुसरीकडे एक मायक्रोसेकंद.

तरीही थोडी बचत होते, आणि ती फार सुंदर आहे. 8088 पुढच्या सूचनांचे चार बाइट आधीच आणून रांगेत ठेवतो. आठ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार त्याला सत्तरच्या आसपास ठोके घेतो आणि त्या काळात त्याला बस लागत नाही. नेमके तेव्हा कोणी 5 ठोके नेले, तर प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. सलग 2,560 ठोके मात्र असे लपत नाहीत. रांग काही क्षणांत रिकामी होते आणि मग नुसते थांबणे उरते.

आयबीएमच्या अभियंत्यांनी एक्सटीत साठवण असूनही सायकल स्टीलिंगच निवडले. 8237 ला पद्धत सांगणाऱ्या बाइटचे वरचे दोन बिट हे ठरवतात. हार्ड डिस्क वाचताना तो बाइट असा दिला जाई:

```
mov al, 47h
out 0Bh, al
```

इथे `47h` ऐवजी `87h` लिहिले असते, तर तीच चिप सलग ओतू लागली असती. तसे न करण्याचे सर्वांत भक्कम कारण मेमरीत होते. डायनॅमिक मेमरीच्या चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार गळत राहतो. त्या चिपच्या 128 ओळी दर 2 मिलिसेकंदांत एकदा वाचून ताज्या कराव्या लागत. या यंत्रांत ते कामही 8237 चाच एक मार्ग करी: दर 72 ठोक्यांनी एक लुटुपुटीचे वाचन, प्रत्येकी 4 ठोक्यांचे. काहीही न करता बसचा साडेपाच टक्के वेळ त्यातच जाई. सगळ्या ओळींची फेरी 1.93 मिलिसेकंदांत पुरी होई, म्हणजे हातात जेमतेम 0.07 मिलिसेकंदाची सवलत.

या फेरीत 0.54 मिलिसेकंदाचा एक बर्स्ट घुसला, की ती अडीच मिलिसेकंदांच्या जवळ जाते. प्रत्यक्षात चिप नियमापेक्षा जास्त तग धरतात, म्हणून एखादा सेक्टर कदाचित निभावून जाईल. पण 8237 एका दमात 65,536 बाइट नेऊ शकते. त्याला जवळपास 69 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात काही ओळींतले बिट उलटण्याची भीती खरी आहे. मग पॅरिटीची तपासणी चुकते, पडद्यावर `PARITY CHECK 1` उमटते आणि यंत्र गोठते. सायकल स्टीलिंगमध्ये प्रत्येक बाइटनंतर बस मोकळी होते आणि मेमरीच्या मार्गाला सर्वांत वरचा मान असल्यामुळे तो लगेच आपले वाचन उरकून घेतो.

फ्लॉपीच्या बाबतीत तर निवडीला जागाच नव्हती. तिचे बाइट 32 मायक्रोसेकंदांच्या अंतराने येत आणि सेक्टरभर साठवण नव्हती. तिच्यासाठी बस धरून बसायचे, तर एका सेक्टरसाठी 16 मिलिसेकंद प्रोसेसर बसवरून दूर राहिला असता आणि त्यातला बहुतेक वेळ बसही रिकामीच राहिली असती. एकेक बाइट उचलण्यात मात्र बसचा तीन टक्क्यांच्या आसपास वेळ जाई.

म्हणून बर्स्टला दोन अटी आहेत: पाठवणाऱ्याकडे माहिती आधीच जमलेली हवी आणि बाकीच्यांच्या सोसण्याची मर्यादा ठाऊक हवी. 1992 सालच्या पीसीआय बसने दोन्हींची सोय केली. तिथे बर्स्ट हीच नेहमीची रीत आहे, कारण दर शब्दाला नव्याने पत्ता देण्यात आणि बस सोपवण्यात ठोके वाया जातात. पण बर्स्ट करू शकणाऱ्या कार्डात लेटन्सी टायमर असतो. समजा त्यात 64 ही संख्या भरली. 33 मेगाहर्ट्झच्या बसवर ते सुमारे दोन मायक्रोसेकंद होतात. ती मुदत संपली आणि बस दुसऱ्याला द्यायचे ठरलेले असेल, तर कार्डाला चालू बर्स्ट तिथेच आवरावा लागतो, आणि उरलेली माहिती पुढच्या पाळीला न्यावी लागते.